बारदान वजा केलं का?

आम्ही नर्सिंगच्या बॅचच्या मैत्रिणी कुठेही भेटलो, लग्नात असो की कुणाच्या डोहाळजेवणात, पहिली पाच मिनिटं नवरे आणि मुलं यांची चौकशी होते आणि मग गाडी थेट बालरोग वॉर्डात शिरते. शेजारी बसलेल्या बायकांना वाटतं, या दवाखान्यातल्या बाया, काहीतरी भयंकर बोलत असणार. आम्ही तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत असतो. असे किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. ॲप्रनच्या खिशात जशा पेनाची टोपणं आणि कापसाचे बोळे साठतात, तसे तेही साठतात, आणि एक काढायला गेलं की चार बाहेर पडतात.

माझ्या खिशातले बहुतेक किस्से अश्विनीचे आहेत. अश्विनी माझी हॉस्टेलमधली रूम पार्टनर, कुंभार पिंपळगावची. तिचे वडील आडतीवर मापाडी, म्हणजे शेतमालाचं वजन करून देणारे. मी जालन्यातली, वडील ऑफिसात, घरात वजनकाटा म्हणजे फक्त आईला रडवायचं साधन. आमची जोडी यादीत नावं लागोपाठ होती म्हणून लागली आणि मग सुटलीच नाही. आमच्या हॉस्पिटलचं नाव मी सांगत नाही, कारण या किस्स्यांतले निम्मे लोक अजून तिथेच आहेत आणि त्यांना माझा नंबर माहीत आहे.

* * *

अश्विनी कशी आहे, हे कळायला बसस्टँडचा किस्सा पुरतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या गावी निघाले होते. अंबडच्या स्टँडवर गाडी लागलेली, वर पाटी ठळक. मी चढायला लागले तर हिने मला दंडाला धरून खाली ओढलं आणि कंडक्टरला विचारलं, "काका, ही गाडी कुठं जाती?"

"पाटी वाचता येत न्हाई का?"

"वाचली. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. मग ही पुढे जाऊन ड्रायव्हरला विचारून आली. मग खिडकीत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना. मला इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे बघत उभी राहिले. शेवटी चढलो तेव्हा मी म्हटलं, "अगं, सरळ विचारायचं ना, ही पिंपळगावला जाते का?"

"तसं इचारलं तर समदे हो म्हणतेत," ती म्हणाली. "एकदा मी अन् आई हो ऐकून बसल्तो, अन् तिसऱ्याच गावाला उतरलो."

मी तेव्हा हसले. नर्सिंगमधला एक मोठा धडा बसस्टँडवर फुकट मिळाला होता, हे मला पुढे कळलं.

* * *

पुढे म्हणजे पहिल्याच वॉर्ड पोस्टिंगला. आम्हाला बालरोग वॉर्ड मिळाला. तिथल्या इनचार्ज खरात सिस्टर. उंची बेताची, आवाज मोठा, आणि रागावल्या की आवाज एकदम हळू. त्यांचा मोठा आवाज ऐकू आला की आम्हाला हायसं वाटायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तापाच्या सिरपचा डोस हातात दिला आणि साईला पाजायला सांगितलं. मी रुबाबात कॉटजवळ गेले. आजीच्या मांडीवर एक मुलगा. मी गोड आवाजात विचारलं, "हा साई ना?"

आजी म्हणाल्या, "हो."

मी पाजायला वाकले, तेवढ्यात मागून अगदी हळू आवाज आला, "थांब." मला घाम फुटला. सिस्टर आजींना म्हणाल्या, "आजी, लेकराचं पूर्ण नाव काय?"

"ओंकार."

साई शेजारच्या कॉटवर होता आणि माझ्याकडे बघून जीभ दाखवत होता. मी आजींना म्हटलं, "अहो, मग हो का म्हणालात?"

आजी बिचाऱ्या गोंधळून गेल्या. "तुमी म्हणल्या म्हणून म्या बी म्हणलं. सरकारी माणसाला न्हाई कसं म्हनावं?"

त्या दिवसापासून नाव सांगायचं नाही, नाव विचारायचं, आणि मग लेकराच्या मनगटावरच्या नावाच्या पट्ट्याशी ताडून बघायचं, हा नियम माझ्या हाडात मुरला. अश्विनीला तो शिकवावा लागला नाही. ती फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, "पिंपळगावला जाती का?"

* * *

खरात सिस्टरांचा खरा कायदा मात्र वेगळाच होता. त्याला आम्ही पट्टीचा कायदा म्हणायचो.

मोठ्या माणसाचं औषध बहुतेक वेळा ठरलेलं असतं, एक गोळी, एक इंजेक्शन. लेकराचं तसं नसतं. त्याचं आधी वजन घ्यायचं. मग दर किलोला इतके मिलिग्रॅम असं औषधाचं प्रमाण असतं, त्यानं वजनाला गुणायचं. मग बाटलीवर किंवा व्हायलवर, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीवर, बघायचं की किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे, आणि त्यावरून सिरिंजमध्ये किती ओढायचं ते काढायचं. तापाचं तेच सिरप एका बाटलीत पाच मिलीला एकशे पंचवीस मिलिग्रॅम असतं आणि दुसरीत अडीचशे. दोन्ही गुलाबी, दोन्ही गोड. गणित चौथीचं आहे, पण चौथीत चुकलं तर छडी मिळायची, इथे ती लेकराला बसते.

म्हणून सिस्टरांच्या वॉर्डात प्रत्येक मोजून द्यायचा डोस दोघींनी काढायचा. पण एकत्र नाही. एकमेकींकडे पाठ करून, तोंड बंद ठेवून. प्रत्येकीनं मायक्रोपोरची, म्हणजे त्या पांढऱ्या कागदी चिकटपट्टीची, एक पट्टी फाडायची, तिच्यावर आपलं उत्तर लिहायचं आणि ट्रेच्या कडेला पालथी ठेवायची. मग दोन्ही एकदम उलटायच्या. जुळल्या तर औषध सिरिंजमध्ये ओढायचं, आणि नाही जुळल्या तर औषधाला हात लावायचा नाही. आम्ही विद्यार्थिनींनी काढलेलं उत्तर सिस्टर स्वतः असं ताडून बघत आणि इंजेक्शन त्यांच्याच हातानं जाई.

"सिस्टर, मी काढलंय, तुम्ही फक्त बघून घ्या ना," असं मी एकदा म्हटलं.

"तुझं उत्तर दिसलं की माझं डोकं तुझ्यामागं चालतं," त्या म्हणाल्या. "मंग दोघी मिळून एकच डोकं झालं. दुसरं डोकं कुठून आणू?"

सरावासाठी त्या आम्हाला खोटी गणितं घालायच्या. एकदा मी मान जरा तिरकी करून अश्विनीची पट्टी वाचली आणि उतरवली. सिस्टरांनी दोन्ही पट्ट्या उलटल्या. दोन्हींवर एकच उत्तर आणि दोन्ही चूक! अश्विनीनं त्या दिवशी चुकायचं ठरवलं होतं, त्याला मी काय करणार?

सिस्टरांचा आवाज हळू झाला. "दोघी चुकल्या असत्या तर वेगवेगळ्या चुकल्या असत्या. चूक एकच हाय, म्हणजे चुकणारी बी एकच हाय. दुसरी इथं नव्हतीच. कोमल, तू कुठं गेल्ती?"

मग मला दोन दिवस चादरी मोजायला लिनन रूममध्ये पाठवलं. तिथे मी कुणाचीच पट्टी न बघता चादरी मोजल्या.

* * *

पट्टीचा कायदा हॉस्टेलवर पसरायला वेळ लागला नाही. आज सिनेमा की झोप, पट्टी. मेसची भाजी दुधी की भोपळा, पट्टी. आमच्या मजल्यावरची मायक्रोपोर इतकी संपायला लागली की स्टोअरवाले मामा संशयानं बघायचे.

कळस झाला तो आमच्या बॅचच्या वैशालीला बघायला मुलगा आला तेव्हा. मुलगा आणि त्याची आई व्हिजिटर्स रूममध्ये बसले होते. वैशालीनं मला आणि अश्विनीला चहा घेऊन आत पाठवलं. "एकमेकींशी बोलायचं न्हाई. बाहेर आल्या की लिहायचं."

मुलगा दिसायला बरा होता. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मात्र त्याची आई देत होती. पगार किती, आईनं सांगितला. आवड काय, आईनं सांगितली. अश्विनीनं त्याला सरळ विचारलं, "साखर किती घालू?" तर त्यानं आईकडे बघितलं.

बाहेर येऊन आम्ही पट्ट्या पालथ्या ठेवल्या. वैशालीनं उलटल्या. माझ्या पट्टीवर होतं, "नाही." अश्विनीच्या पट्टीवर होतं, "डोस आईला विचारून."

वैशालीचं पुढे चांगलं झालं. तिचा नवरा चहात साखर स्वतः घालून घेतो.

* * *

वॉर्डात एक नवीन डॉक्टर आले होते. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. आम्ही त्यांना आपसात छोटे डॉक्टर म्हणायचो. माणूस हुशार आणि कामाला वाघ, पण सतत घाईत. चालताना लिहायचे आणि लिहिताना चालायचे.

एकदा त्यांच्या अक्षरातला डोस लागेना. सिस्टरांनी अश्विनीला विचारायला पाठवलं. छोटे डॉक्टर जिन्यात भेटले. त्यांनी खिसे चाचपत विचारलं, "सिस्टरांनी किती काढलाय?"

अश्विनी म्हणाली, "ते तुम्ही काढल्यावर सांगते."

मी दोन पायऱ्या खाली होते, आणखी दोन उतरले. डॉक्टर लाल झाले, मग त्यांनी तिथेच भिंतीला कागद लावून डोस काढला. तो जुळला. पण त्यांनी ही गोष्ट कौतुकानं कुणाला तरी सांगितली, त्यानं ती तक्रार समजून कुणाला तरी सांगितली, आणि फिरत फिरत ती आमच्या ट्यूटर मॅडमपर्यंत पोचली. मॅडमनी अश्विनीला ऑफिसात बोलावलं.

"पहिलं पोस्टिंग आहे तुझं. डॉक्टरांची परीक्षा घ्यायला नाही पाठवलं. यापुढे तुझ्याबद्दल एक शब्द जरी कानावर आला, तर हे पोस्टिंग पुन्हा करावं लागेल. मग बस बॅचच्या मागे."

त्या दिवशी अश्विनी जेवली नाही. तिच्या घरातली दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. बॅचच्या मागे राहणं म्हणजे गावात काय काय बोलतील, हे तिनं मला सांगितलं नाही, पण ती रात्रभर कूस बदलत होती. सकाळी म्हणाली, "कोमल, आता मी गप बसणार. जे म्हणतील ते बराबर."

मला तिचं हे बोलणं अजिबात आवडलं नाही.

* * *

आणि नेमकं त्यानंतरच ते लेकरू आलं.

थंडी चांगलीच पडली होती. टेंभुर्णीकडून एक कुटुंब आलं, मेंढ्या घेऊन फिरणारं. दीड वर्षांचा मुलगा, नाव बिरू. बरेच दिवस ताप, उलट्या, लघवीत जंतुसंसर्ग निघालेला. सोबत आई आणि आजी. लेकरू आजीच्या काळ्या घोंगडीत गुंडाळलेलं, नुसतं नाक दिसत होतं. खाली तपासणीत वजन झालं होतं, कागदावर दहा किलो. छोट्या डॉक्टरांनी त्यावरून अमिकासिन नावाचं इंजेक्शन लिहिलं होतं. किलोला पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे दिवसातून एकदा दीडशे.

हे औषध चांगलं आहे, पण त्याचा स्वभाव कडक. जास्त गेलं तर मूत्रपिंडाला आणि कानाला मार बसतो, आणि कानाचा मार पुन्हा भरून येईलच असं नाही. दीड वर्षाचं लेकरू तर सांगूही शकत नाही की मला ऐकू येत नाही. त्यात या लेकराच्या अंगातलं पाणी उलट्यांनी कमी झालेलं आणि दुखणं मूत्रमार्गाचंच. खरात सिस्टर हे औषध हातात घेतलं की गाणं गुणगुणणं बंद करायच्या.

मी ताप बघायला गेले तर आजी घोंगडी सोडेना. "हिव भरलंय लेकराला. घोंगडी काढायची न्हाई." अश्विनी जवळ आली. ती आजीशी मेंढ्यांबद्दल, वाटेतल्या पाण्याबद्दल बोलत राहिली आणि मग सहज आईला विचारलं, "खाली काट्यावर ठेवलं तवा अंगावर काय काय होतं?"

आई सासूकडे बघत म्हणाली, "हीच की. आत्याबाईनं काढूच दिली न्हाई."

अश्विनीचा चेहरा बदललेला मी पाहिला. ती आजीला म्हणाली, "आजी, घोंगडी तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या. मी फकस्त मोजते अन् जल्दी परत देते. हीटर लावलाय बघा." आजीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग स्वतःच्या हातानं घोंगडी सोडली. आत लेकरू केवढंसं निघालं. अश्विनीनं आमच्या वॉर्डातल्या काट्याचा आकडा आधी शून्यावर आणला आणि बिरूला उघडं ठेवलं.

ती सिस्टरांकडे निघालीच होती, तेवढ्यात सिस्टरांनीच हाक मारली. "अश्विनी, अमिकासिन काढायचंय. पट्टी घे. तोंड बंद."

तोंड बंद म्हणजे बंद. पट्ट्या उलटेपर्यंत बोलायचं नाही. ती सिस्टरांकडे पाठ करून उभी राहिली आणि मी ट्रे धरून मध्ये. व्हायलवर लिहिलेलं होतं, दोन मिलीत शंभर मिलिग्रॅम.

पट्ट्या उलटल्या. सिस्टरांची पट्टी, "३ मिली." अश्विनीची पट्टी, "२.४ मिली."

"परत काढ," सिस्टर म्हणाल्या.

दोघींनी परत पाठ केली. तेवढ्यात छोटे डॉक्टर राउंडला आले. दारातून ट्यूटर मॅडमही आत येत होत्या. अश्विनीनं एकदा दाराकडे बघितलं. मी ओठ न हलवता पुटपुटले, "तीन लिही ना, माझे आई." तिला ते ऐकू गेलं. पेन पट्टीवर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मला वाटलं, ही आता तीन लिहिणार. काल सकाळी तीच म्हणाली होती, जे म्हणतील ते बराबर.

तिनं पट्टी पालथी ठेवली. उलटल्या.

सिस्टर तीन. अश्विनी दोन पूर्णांक चार.

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टर म्हणाले, "अहो, दहा किलो आहे, तीनच येतं." वॉर्डातल्या लेकरांच्या आयाही बघायला लागल्या होत्या. आता सिस्टर तिला विचारणार, गुणाकार येतो का, असं मला वाटलं. अश्विनी तर रडण्याच्या बेतात होती.

सिस्टरांनी तिच्या गुणाकाराबद्दल काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "तू कुठून सुरू केलं?"

"आठ किलोपासून."

"कागदावर दहा हाय."

"सिस्टर, कागदावरच्या दहात बारदान धरलंय. वजा न्हाई केलं."

आमच्या भागात बारदान कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आडतीवर पोतं काट्यावर चढलं की माल वेगळा आणि रिकाम्या पोत्याचं वजन वेगळं. तिचे वडील आयुष्यभर तेच वजा करत आले होते. तरी तिथे एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग सिस्टरांनी वळून आजीच्या हातातली घोंगडी पाहिली.

त्यांनी स्वतः काटा शून्यावर आणला. बिरूला उघडा ठेवला. आठ. त्याला उचललं, आजीची परवानगी घेतली आणि नुसती घोंगडी ठेवली. दोन.

सिस्टर डॉक्टरांकडे वळल्या आणि त्यांच्या त्या मोठ्या, हायसं वाटणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, घोंगडीला ताप न्हाई. तिचं इंजेक्शन कमी करा."

डॉक्टर लालबुंद झाले. पण माणूस खरा. त्यांनी तिथल्या तिथे जुनी ओळ खोडून एकशेवीस मिलिग्रॅम लिहिलं आणि सही केली. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध सिस्टर कधी स्वतः बदलत नसत, समोर कितीही स्पष्ट चूक दिसली तरी. मग त्यांनी त्या लेकराचं त्या वजनावरून लिहिलेलं सगळं पुन्हा काढायला लावलं. सलाइन दिवसाला हजार मिली चाललं असतं ते आठशेवर आलं, तापाचं सिरपही कमी झालं. प्रत्येक उत्तराला दोन पट्ट्या. तिन्ही वेळा जुळल्या तेव्हा अमिकासिनच्या दोन व्हायल फोडून दोन पूर्णांक चार मिली ओढलं, सलाइनमध्ये मिसळलं आणि अर्ध्या तासात हळूहळू सोडलं. सिस्टर तेवढा वेळ कॉटजवळून हलल्या नाहीत.

ट्यूटर मॅडम जाताना अश्विनीच्या ॲप्रनची कॉलर सरळ करून गेल्या. अश्विनी आडोशाला जाऊन अशी रडली की रडू थांबेना. मी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले. माझ्या मैत्रिणीचा इतका अभिमान मला तिच्या लग्नातही वाटला नाही.

संध्याकाळी सिस्टर चहा घेताना म्हणाल्या, "माझं गणित बराबर होतं, पोरींनो. तेच वाईट असतं. गणित चुकलं असतं तर मी परत काढताना सापडलं असतं."

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "अन् अश्विनी, पुढच्या बारीला असं काही कळलं तर माझा तोंड बंदचा कायदा मोड. हे एवढंच मोडायचं."

* * *

त्यानंतर वॉर्डात कुणाचंही वजन सांगितलं की सिस्टर विचारायच्या, "बारदान वजा केलं का?" छोटे डॉक्टरही विचारायला लागले. कुणाच्या कमरेला चांदीची साखळी, कुणाच्या पायात वाळे, कुणाचा डायपर भरलेला. नव्या बॅचच्या मुलींना वाटायचं हा काही औषधशास्त्रातला शब्द आहे. एकीनं तो परीक्षेतही लिहिला म्हणतात. तिला मार्क मिळाले की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

* * *

बिरू बरा होऊन गेला. सिस्टरांनी त्याला पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. कानाची खरी तपासणी मशीनवर होणार होती, तिचा नंबर पुढे होता. पण एवढं कडक औषध घेऊन गेलेलं लेकरू परत आलं की सिस्टर आधी आपली स्वतःची एक तपासणी करायच्या. ती कुठल्या पुस्तकात नाही.

थंडी तशीच होती. आजी वॉर्डाच्या दारात आली, थांबली, आणि आम्ही काही म्हणायच्या आत तिनं घोंगडी सोडली, अंगडं काढलं, करदोटा काढला. सगळं खांद्यावर टाकून ती नागड्या बिरूला घेऊन सगळ्या वॉर्डामधून थेट काट्यापाशी गेली आणि अश्विनीला म्हणाली, "घे पोरी. बारदान काढलंय. जल्दी मोज, हिव लागंल."

वजन वाढलं होतं. सगळा वॉर्ड हसत होता. बिरूला पुन्हा गुंडाळून आजीच्या मांडीवर बसवलं, तोंड खिडकीकडे. बाहेर एक शेळी होती आणि तो तिच्यात रमला होता.

सिस्टर हसत नव्हत्या. त्या पाय न वाजवता त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, त्याला दिसणार नाही अशा. हातात स्टीलचा किडनी ट्रे होता. त्यांनी सगळ्यांना बोटानं गप्प केलं आणि ट्रे फरशीवर सोडून दिला.

अश्विनीनं दोन्ही हात तोंडावर धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती बोलायला गेली, "सिस्टर, तो..."

"तोंड बंद," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता, पण रागाचा नव्हता. "पट्टी घे."

दोघींनी एकमेकींकडे पाठ केली. दोघींनी लिहिलं. पालथ्या ठेवल्या. उलटायचं काम माझ्याकडे आलं.

दोन्हींवर एकच शब्द होता. "वळला."